गेन सोडून दुसरंच काही बदलतं तेव्हा: टॅकोच्या स्थिरांकाचा आणि उलट चिन्हाचा रूट लोकस

रूट लोकस शिकताना पहिल्या दिवसापासून एकच चित्र डोळ्यांसमोर असतं. लूपमध्ये K नावाचा गेन आहे, तो शून्यापासून वाढत जातो आणि क्लोज्ड लूपचे पोल ओपन लूपच्या पोलपासून निघून झिरोंकडे जातात. वॉल्टर इव्हान्स यांनी १९४८ साली ही पद्धत मांडली तेव्हापासून सरावाची बहुतेक उदाहरणं याच साच्यातली असतात. प्रत्यक्ष टेबलावर मोटर आली की मात्र प्रश्न वेगळे पडतात. अ‍ॅम्प्लिफायरचा गेन आधीच ठरलेला असतो, आता टॅकोचा, म्हणजे शाफ्टचा वेग मोजणाऱ्या जनरेटरचा, फीडबॅक किती ठेवायचा? बेअरिंगमधलं घर्षण बदललं तर काय होईल? आणि टॅकोच्या दोन वायरी उलट लागल्या तर?

या तिन्ही प्रश्नांना तेच तंत्र पुरतं, फक्त समीकरणाची मांडणी आधी बदलून घ्यावी लागते. बरेचजण तिथेच चुकतात, म्हणून एकच उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ. पोल, झिरो, रिअल अक्षावरचा नियम आणि राउथचा तक्ता तुम्हाला माहीत आहेत असं धरलं आहे.

उदाहरण

एक पोझिशन सर्व्हो आहे. मोटर, अ‍ॅम्प्लिफायर आणि भार मिळून प्लांट असा:

`G(s) = 35 / ( s (s+2) (s+6) )`

यातला 35 ठरलेला आहे, त्याला हात लावायचा नाही. साधा युनिटी फीडबॅक दिला तर कॅरॅक्टरिस्टिक समीकरण येतं:

`s³ + 8s² + 12s + 35 = 0`

याचे अवयव नीट पडतात: `(s+7)(s² + s + 5)`. म्हणजे एक पोल उणे ७ वर आणि एक कॉम्प्लेक्स जोडी `−0.5 ± j2.18` वर. या जोडीचा डॅम्पिंग रेशो ०.२२ आहे. स्टेप दिली की शाफ्ट ठरलेल्या कोनाच्या जवळपास निम्म्याने पुढे जातो, परत येतो, पुन्हा जातो, आणि हे झोके संपायला आठेक सेकंद लागतात. हे आवरण्यासाठी आपण मोटरच्या शाफ्टला टॅकोजनरेटर लावतो. त्याचा व्होल्टेज वेगाच्या प्रमाणात असतो, म्हणून फीडबॅकमध्ये `1` ऐवजी `1 + ks` येतं. आता `k` किती ठेवायचा?

पायरी पहिली: समीकरण पूर्ण उलगडा, मगच पॅरामीटर वेगळा करा

इथे पहिली चूक होते. ओपन लूप `35(1+ks)/(s(s+2)(s+6))` असा दिसतो, म्हणून अनेकजण −1/k वर झिरो ठेवून नेहमीचा लोकस काढायला बसतात. पण तो झिरोच `k` बरोबर सरकतो आहे. नेहमीच्या लोकसमध्ये पोल आणि झिरो जागेवर राहतात आणि फक्त गुणक बदलतो. झिरो हलता असेल तर ते नियम लागूच होत नाहीत.

म्हणून भागाकार विसरा आणि समीकरण पॉलिनॉमिअलच्या रूपात लिहा:

`s³ + 8s² + 12s + 35 + 35ks = 0`

आता पदांचे दोन ढीग करा. एकात `k` नसलेली सगळी पदं, दुसऱ्यात `k` असलेली. मग `k` नसलेल्या ढिगाने पूर्ण समीकरणाला भागा. `35k` ला β म्हणू:

`1 + β · s / ( (s+7)(s² + s + 5) ) = 0`

हे अगदी `1 + K·G` च्या साच्यात बसलं. पोल उणे ७ आणि `−0.5 ± j2.18` वर, झिरो शून्यावर, आणि बदलणारा गुणक β. यापुढे रूट लोकसचे सगळे नियम जसेच्या तसे चालतात. अशा लोकसला पुस्तकांत रूट कंटूर असंही म्हणतात.

पुढे जाण्याआधी इथेच एक तपासणी करून घ्या. β शून्य असताना लोकस जिथून सुरू होतो ते पोल म्हणजे टॅको नसतानाचे क्लोज्ड लूपचे पोल असायला हवेत. आपल्याकडे ते आहेत. तुमच्या उत्तरात सुरुवातीचे बिंदू ०, उणे २ आणि उणे ६ आले, म्हणजे प्लांटचे मूळ पोल आले, तर 35 हे पद भलत्या ढिगात गेलं असं समजा.

आणखी एक गोष्ट मी प्रत्येक बॅचला सांगतो. या नव्या भागाकारातला शून्यावरचा झिरो खऱ्या लूपमध्ये कुठेही नाही. तो पोलचा मार्ग शोधण्यासाठी तयार झालेला आहे. प्रत्यक्ष क्लोज्ड लूप `35 / (s³ + 8s² + (12+β)s + 35)` आहे आणि त्याला झिरो नाही. त्यामुळे स्टेप रिस्पॉन्स काढताना लोकसचा भागाकार वापरू नका. तो वापरला तर आउटपुट शेवटी शून्यावर येतं आणि विद्यार्थी सर्व्होत दोष शोधत बसतो.

पायरी दुसरी: चित्र काढा

रिअल अक्षापासून सुरुवात. बिंदूच्या उजवीकडे पोल आणि झिरो मिळून विषम संख्या असेल तर तो बिंदू लोकसवर. शून्यापासून उणे ७ पर्यंत उजवीकडे एकच, शून्यावरचा झिरो. कॉम्प्लेक्स जोडी या मोजणीत धरायची नसते. म्हणून ० ते उणे ७ हा पूर्ण तुकडा लोकसवर आहे. उणे ७ च्या पलीकडे दोन होतात, तिथे लोकस नाही.

याचा अर्थ समजून घ्या: उणे ७ वरचा पोल β वाढवला की उजवीकडे, शून्याकडे सरकतो. टॅको लावल्याने सर्व्हो शांत होतो हे सगळ्यांना माहीत असतं. एक पोल त्याच वेळी संथ होत जातो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

पोल तीन, झिरो एक, म्हणजे दोन शाखा अनंताकडे जाणार. असिम्प्टोट ±९०° वर, म्हणजे उभे. ते रिअल अक्षाला छेदतात तो बिंदू: पोलची बेरीज उणे ८, झिरो शून्य, भागिले दोन, म्हणजे उणे ४.

वरच्या कॉम्प्लेक्स पोलपासून शाखा कोणत्या दिशेला निघते? शून्यावरच्या झिरोपासून त्या पोलकडे पाहिलं तर कोन १०२.९°. उणे ७ वरून पाहिलं तर १८.५°. खालच्या जोडीदाराकडून ९०°. म्हणून

`180 + 102.9 − 18.5 − 90 = 174.4°`

म्हणजे शाखा जवळजवळ सरळ डावीकडे निघते. β थोडासा वाढवला की पोल आडवा सरकतो: झोक्यांची फ्रिक्वेन्सी फारशी बदलत नाही, झोके मात्र लवकर विरतात. टॅकोचं बटण हळूहळू फिरवताना स्कोपवर हेच दिसतं.

पायरी तिसरी: `k` निवडा, आणि इथे घाई करू नका

समजा डॅम्पिंग रेशो ०.७०७ हवा. नेहमीप्रमाणे ऋण रिअल अक्षाशी ४५° ची रेघ काढायची आणि लोकस तिला कुठे छेदतो ते पाहायचं. पाहिलं की एक अनपेक्षित गोष्ट दिसते. लोकस त्या रेघेला दोनदा छेदतो, एकदा β सुमारे १३.६ असताना आणि पुन्हा β सुमारे १८.३ असताना.

दोन्हीकडे जोडीचा डॅम्पिंग रेशो तोच, पण सर्व्हो एकसारखे नाहीत. पहिल्या छेदाला कॉम्प्लेक्स जोडीचा रिअल भाग उणे २.२ आहे आणि रिअल पोल उणे ३.६ वर. म्हणजे वर्चस्व जोडीचं. दुसऱ्या छेदाला जोडी उणे ३.१ पर्यंत मागे गेली आहे, पण रिअल पोल उणे १.८५ वर येऊन सगळ्यांत संथ झाला आहे. आता आउटपुट त्या रिअल पोलच्या चालीने चालतं आणि ओव्हरशूट जवळपास दिसतच नाही. फक्त जोडीचा कोन पाहून `k` निवडला तर हा फरक कळणार नाही. म्हणून नियम असा ठेवा: लोकसवर एक बिंदू निवडला की त्याच β ला बाकीचे पोल कुठे आहेत ते लगेच त्याच कागदावर लिहायचं.

या दोन छेदांच्या मध्ये या उदाहरणातली सगळ्यांत सुंदर जागा आहे. β सुमारे १५.३५ असताना रिअल पोल आणि कॉम्प्लेक्स जोडी तिन्ही एकाच उभ्या रेघेवर येतात, उणे २.६७ वर. हा योगायोग नाही. समीकरणातलं `s²` चं पद 8 आहे आणि त्यात β नाही, म्हणून तिन्ही पोलची बेरीज कायम उणे ८ राहते. एक पोल उजवीकडे आला तर बाकीचे डावीकडे जातात, तिघांना एकदम डावीकडे नेता येत नाही. सगळ्यांत संथ पोल जास्तीत जास्त उणे ८ भागिले ३ इतकाच मागे जाऊ शकतो, आणि ते याच β ला घडतं. याच जागी जोडीचा डॅम्पिंग रेशोही कमाल होतो: ०.७४. म्हणजे 35 हा गेन तसाच ठेवून फक्त टॅकोने ०.८ डॅम्पिंग मागितलं तर ते मिळणार नाही. कितीही बटण फिरवलं तरी नाही.

मी इथे β = 15.35 घेईन, म्हणजे `k = 15.35/35 ≈ 0.44`. कमी ओव्हरशूट आणि लवकर स्थिरावणं दोन्ही हवं असेल तर ही जागा योग्य.

याची किंमतही हिशेबात धरा. टॅको नसताना रॅम्पच्या मागे राहण्याची चूक `12/35`, म्हणजे ०.३४ होती. आता ती `27.35/35`, म्हणजे ०.७८ झाली. सतत फिरणाऱ्या लक्ष्यामागे जाणारा सर्व्हो असेल तर हे दुप्पटीहून जास्त मागे पडणं परवडतं का, ते आधी विचारा.

आणि `k` अतिशय वाढवला तर? β ६० करून पाहा. रिअल पोल उणे ०.५१ वर येतो. शाफ्ट जणू मधात बुडवल्यासारखा सरकतो आणि स्थिरावायला पुन्हा आठेक सेकंद घेतो. सुरुवातीला झोक्यांमुळे जेवढा वेळ लागत होता तेवढाच, फक्त कारण उलट. प्रयोगशाळेत एखाद्याचा सर्व्हो असा रेंगाळताना दिसला की तो टॅको अजून वाढवू पाहतो, कारण मघाशी वाढवल्याने सुधारणा झाली होती. त्या वेळी लोकसचा कागद समोर असेल तर हात थांबतो.

एक इशारा देऊन पुढे जाऊ. टॅको फीडबॅकच्या वाटेत आहे म्हणून क्लोज्ड लूपला झिरो नाही. तोच `1 + ks` पुढच्या वाटेत, पीडी कंट्रोलर म्हणून ठेवला तर कॅरॅक्टरिस्टिक समीकरण तेच, लोकस तोच, पोल तेच. पण क्लोज्ड लूपला −1/k वर, म्हणजे उणे २.३ च्या आसपास, झिरो येतो आणि ओव्हरशूट वाढतो. लोकस पोलबद्दल बोलतो, झिरोबद्दल नाही.

हाच पॅरामीटर उलटा झाला तर

आता वायरींकडे येऊ. टॅकोच्या दोन टोकांची अदलाबदल झाली की `k` ऋण होतो. समीकरण तेच, पण β शून्याखाली. या अर्ध्या भागाला कॉम्प्लिमेंटरी रूट लोकस म्हणतात. नियम पाठ करण्यापेक्षा ते कुठून येतात ते पाहिलं की विसरत नाहीत.

β धन असताना `s/((s+7)(s²+s+5))` ची किंमत ऋण लागते, म्हणून त्याचा कोन १८०°. β ऋण असताना तीच किंमत धन लागते, म्हणून कोन ०°. एवढाच फरक. ज्या नियमात १८०° येतो तो बदलतो, ज्यात येत नाही तो बदलत नाही. म्हणून रिअल अक्षावर आता उजवीकडे सम संख्या हवी, आणि शून्य हीसुद्धा सम संख्या आहे. असिम्प्टोटचे कोन ०° आणि पुढे ३६०° चे समान भाग. निघण्याच्या कोनातून १८०° गाळायचा. असिम्प्टोटचा छेदबिंदू, शाखा फुटण्याचं समीकरण आणि β ची किंमत काढण्याची पद्धत मात्र तशीच राहते.

आपल्या सर्व्होवर लावून पाहा. रिअल अक्षावर शून्याच्या उजवीकडचा सगळा भाग आणि उणे ७ च्या डावीकडचा सगळा भाग. मघाशी जे तुकडे सुटले होते नेमके तेच. दोन्ही लोकस मिळून पूर्ण रिअल अक्ष भरतो, ही चांगली तपासणी आहे. निघण्याचा कोन १७४.४ मधून १८० वजा, म्हणजे उणे ५.६°. शाखा सरळ उजवीकडे, इमॅजिनरी अक्षाकडे निघते.

ती अक्ष कधी ओलांडते? राउथच्या तक्त्यातून `8(12 + β) = 35`, म्हणजे `β = −7.625`, `k` सुमारे उणे ०.२२. तिथली फ्रिक्वेन्सी २.०९ रेडियन प्रति सेकंद, म्हणजे साधारण ३ सेकंदांत एक झोका. पुढे या शाखा उजव्या अर्ध्या पटलात फिरून रिअल अक्षावर १.७५ च्या आसपास एकत्र येतात. तेव्हा β उणे ४९ झालेला असतो. तिथून एक शून्याकडे परतते, दुसरी अनंताकडे जाते. पण तिथवर प्रत्यक्ष यंत्र पोहोचत नाही, त्याआधीच ते आपटून थांबलेलं असतं.

यातला व्यवहाराच्या उपयोगाचा भाग असा. उलटा टॅको लावला की सर्व्हो ताबडतोब अस्थिर होत नाही. `k` उणे ०.२२ च्या अलीकडे असेपर्यंत पोल डावीकडेच असतात, फक्त झोके वाढतात. उदाहरणार्थ β = −5 ला डॅम्पिंग रेशो ०.०७५ उरतो आणि ओव्हरशूट ७९ टक्क्यांच्या घरात जातो. एकदा प्रॅक्टिकलच्या टेबलावर एका गटाने सबंध तास याच अवस्थेत घालवला. सर्व्हो चालत होता, ठरलेल्या कोनावर पोहोचत होता, म्हणून जोडणी बरोबर आहे असं त्यांनी धरलं आणि अ‍ॅम्प्लिफायर तपासत बसले. मी त्यांना एवढंच करायला सांगितलं: टॅकोचं बटण आधी शून्यावर आणा, मग थोडंसं पुढे न्या आणि ओव्हरशूट कमी होतो की वाढतो ते पाहा. वाढत असेल तर वायरी उलट आहेत. दोन मिनिटांत उत्तर मिळालं. लोकसच्या भाषेत ही चाचणी म्हणजे निघण्याचा कोन डावीकडे आहे की उजवीकडे, एवढंच विचारणं.

पोझिशनचाच फीडबॅक उलटा असेल तर

इथे मुख्य गेनच ऋण झाला. टॅको बाजूला ठेवू आणि मूळ लूप पाहू: `1 + K / (s(s+2)(s+6)) = 0`, K ऋण. पोल तीन, झिरो नाही, असिम्प्टोट ०° आणि ±१२०° वर. रिअल अक्षावर शून्याच्या उजवीकडे लोकस आहे, आणि उणे २ ते उणे ६ मध्ये आहे. शून्यावरचा पोल थेट उजवीकडे निघतो.

म्हणजे K कितीही लहान असला तरी लूप अस्थिर. समीकरणाचं शेवटचं पद ऋण झालं की एक धन मूळ असणारच, राउथचीही गरज नाही. K = −35 ला हे मूळ १.४ च्या जवळ आहे. ते रिअल आहे, म्हणून झोके येत नाहीत. शाफ्ट एकाच दिशेने वेग घेत जातो आणि स्टॉपरवर जाऊन आदळतो.

म्हणून टेबलावरच ओळखता येतं. वाढत जाणारे झोके दिसले तर संशय टॅकोच्या वायरीवर किंवा जास्त गेनवर घ्या. झोका न घेता यंत्र एकाच बाजूला पळालं तर पोझिशनचा पॉट किंवा मोटरच्या वायरी उलट आहेत. मोटरच्या वायरी उलट झाल्या की पोझिशन आणि टॅको दोन्ही चिन्हं एकदम बदलतात, म्हणून तिथेही यंत्र पळतंच. पहिल्यांदा वीज देताना गेन अगदी कमी ठेवायचा आणि हात बंद करायच्या बटणावर ठेवायचा, तो याचसाठी.

ऋण चिन्ह लपून बसतं तेव्हा

कधी कधी K धनच असतो, पण प्लांटच्या आत चिन्ह दडलेलं असतं. हा प्लांट पाहा:

`G(s) = (4 − s) / ( (s+1)(s+3) )`

उजव्या अर्ध्या पटलात झिरो असलेले प्लांट किंवा डेडटाइमचं पाडे रूप असं लिहिलेलं सापडतं. `4 − s` म्हणजे `−(s − 4)`. नियम लावायचे तर प्रत्येक कंसात `s` चा सहगुणक +1 हवा, आणि तसा केला की बाहेर उणे चिन्ह येतं. म्हणून K धन असूनही इथे ०° चे नियम लागतात.

हे विसरलं तर किती फरक पडतो ते पाहा. १८०° च्या नियमांनी काढलं तर उणे १ वरचा पोल रिअल अक्षावरून सरळ ४ कडे जाताना दिसतो आणि K = 0.75 ला शून्य ओलांडतो. प्रत्यक्षात दोन्ही पोल उणे १ आणि उणे ३ च्या मध्ये भेटतात, वर-खाली फुटतात आणि गोल फिरून K = 4 ला इमॅजिनरी अक्ष ओलांडतात. समीकरणच सांगतं: `s² + (4−K)s + 3 + 4K = 0`. चुकीच्या चित्राने मर्यादा पाचपटीहून कमी दाखवली, आणि अस्थिरतेचं स्वरूपही चुकीचं सांगितलं. अंश आणि छेदातल्या सर्वांत वरच्या घातांच्या सहगुणकांची चिन्हं पाहणं, हे पहिलं काम.

प्लांटचा पोलच हलत असेल तर

टॅकोच्या उदाहरणात `k` एकाच पदात होता. घर्षण बदललं की प्लांटमधला 2 बदलतो. तिथे `a` लिहा:

`s(s+a)(s+6) + 35 = 0`

ढीग तसेच करा:

`1 + a · s(s+6) / ( s³ + 6s² + 35 ) = 0`

इथे घाबरायचं एक ठिकाण येतं. छेदाची मुळं काढली तर एक उणे ६.७६ वर आणि जोडी `0.38 ± j2.24` वर, म्हणजे लोकस उजव्या अर्ध्या पटलातून सुरू होतो! हे चूक नाही. a = 0 म्हणजे घर्षण मुळीच नसलेली मोटर, आणि तसा लूप या गेनला खरोखर अस्थिर असता. तुम्हाला लोकसचा तेवढाच तुकडा पाहायचा आहे जो तुमच्या मोटरच्या घर्षणात शक्य आहे. a = 2 ला पोल पुन्हा उणे ७ आणि `−0.5 ± j2.18` यायला हवेत, ती तपासणी. राउथने `6a(6+a) = 35`, म्हणजे a सुमारे ०.८५ ला अक्ष ओलांडला जातो. टॅको नसताना या सर्व्होचा तोल बऱ्याच अंशी घर्षणावर उभा आहे. ग्रीस बदलून बेअरिंग मोकळं झालं की तोच सर्व्हो जास्त झोके का घेतो, ते इथे दिसतं.

ढीग करता येतात ते पॅरामीटर समीकरणात एकघाती असेल तरच. `a` बरोबर `a²` ही आला, किंवा एकच पॅरामीटर दोन ठिकाणी गुणाकारात आला, तर लोकसचे नियम लागत नाहीत. मग सरळ मुळं काढत जायचं. खरं तर एकघाती असतानाही मी चित्र काढल्यावर हे करून पडताळतो:

```
import numpy as np
for b in [0, 13.6, 15.35, 18.3, 60, -5, -7.625]:
    print(b, np.roots([1, 8, 12 + b, 35]))
```

लोकसचं चित्रच हवं असेल तर मॅटलॅब किंवा ऑक्टेव्हमध्ये दोन्ही अर्धे भाग असे मिळतात (ऑक्टेव्हमध्ये आधी `pkg load control`):

```
P = tf([1 0], [1 8 12 35]);
figure, rlocus(P)
figure, rlocus(-P)
```

`rlocus` आपणहून फक्त धन गुणक घेतं, म्हणून ऋण भागासाठी `-P` द्यायचं. वरच्या `4 − s` च्या प्लांटला मात्र `tf([-1 4], [1 4 3])` असं दिलं की चिन्ह आधीच आत असतं. तिथे पुन्हा उणे लावलं तर चित्र उलटं होईल. छापून आलेल्या मुळांची बेरीज प्रत्येक ओळीत उणे ८ येते का ते आधी पाहा. नसेल तर सहगुणकांची यादी टाइप करताना चूक झाली आहे.